टँकर मोजले, पाणी मोजायचे राहिले

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कार्यालयात खजिनदारांनी एक कागद पुढे ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या: रोजचे टँकर तीन, दर एक हजार रुपये, महिन्याचा खर्च नव्वद हजार. खाली सही करायची जागा. सभेत चर्चा झाली ती एवढीच, की दुसरा कोणी नऊशेला देईल का. पाणी कुठून येते, ते किती येते आणि ते कसे आहे, हे तीन प्रश्न कोणी विचारले नाहीत. मीही विचारले नाहीत. समितीवर असून विचारले नाहीत, म्हणून हे लिहिणे माझ्याकडे आले आहे.

आमची सोसायटी मुळशी तालुक्यात, भूगाव-पिरंगुट रस्त्याच्या बाजूला आहे. घरे ११२. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वमान्य हिशेब धरला आणि घरटी चार माणसे धरली, तर रोज साधारण साठ हजार लिटर पाणी लागते. ग्रामपंचायतीचे वीसेक हजार येते, आमची बोअर दहा हजार देते, उरलेले तीस हजार टँकरने. फेब्रुवारी ते जून हे गणित असेच चालते.

मुळशी म्हटले की बाहेरच्या माणसाला धरण आठवते. त्या धरणासाठी गावे बुडाली, सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभा केला, तरी धरण झाले आणि त्याचे पाणी शंभर वर्षे घाटाखाली भिऱ्याला वीज करून कोकणात उतरते आहे. तालुक्याच्या पूर्वेकडची गावे मात्र गेल्या वीस वर्षांत इमारतींनी भरली. त्यातली बावधन, सूस, म्हाळुंगे ही गावे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. भूगाव, पिरंगुट, हिंजवडी, माण ग्रामपंचायतीतच राहिली. नळाची योजना गावठाणाच्या लोकसंख्येला बेतलेली आणि वस्ती तिच्या कितीतरी पट, अशा ठिकाणी मधली जागा टँकर भरून काढतो. तो येतो म्हणून घरे चालतात, हे आधी मान्य करतो. टँकरवाल्याला खलनायक ठरवण्यासाठी हा लेख नाही. त्याच्याकडून आपण नेमके काय विकत घेतो, ते समजून घेण्यासाठी आहे.

माझे डोळे उघडले ते एका साध्या गोष्टीने. आमची जमिनीखालची टाकी आतून सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे. म्हणजे तळाचे क्षेत्रफळ चोवीस चौरस मीटर. दहा हजार लिटर म्हणजे दहा घनमीटर. दहाला चोवीसने भागले की ०.४१७ येते. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाला की टाकीतली पातळी जवळजवळ ४२ सेंटिमीटर वर यायला हवी. शाळेतले गणित आहे. एका रविवारी सकाळी आम्ही वर पाणी चढवणारा पंप बंद केला, ग्रामपंचायतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणजे टाकीत दुसरीकडून काही येणार नाही आणि टाकीतून काही जाणार नाही. मग टाकीत लाकडी पट्टी उभी धरली आणि टँकर रिता होऊ दिला. पातळी वाढली ३६ सेंटिमीटर. पुढच्या टँकरलाही तेवढीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, पुन्हा तेच.

३६ सेंटिमीटर म्हणजे ८,६४० लिटर. प्रत्येक टँकरमागे १,३६० लिटर कमी. रोजचे तीन टँकर, महिन्याचे तीस दिवस धरले की १,२२,४०० लिटर होतात. म्हणजे महिन्याला बारा टँकर आम्ही पैसे देऊन घेतले आणि ते कधी फाटकातून आतच आले नाहीत. रुपयांत सांगायचे तर महिन्याला सव्वाबारा हजार, पाच महिन्यांत साठ हजारांच्या वर.

पुरवठादाराला फोन केला. तो चिडला नाही. "साहेब, टाकी दहाचीच आहे, गावात सगळे दहाच म्हणतात," असे म्हणाला. मला वाटते तो खोटे बोलत नव्हता. या धंद्यात 'दहाचा टँकर' हे मापाचे नाव उरलेले नाही, ते गाडीच्या आकाराचे नाव झाले आहे. टाकी बनवणाऱ्याने थोडी लहान बनवली, ड्रायव्हरने चढावर पाणी सांडू नये म्हणून झाकणाच्या खाली वीतभर जागा सोडली, रिकामा करताना गाडी उतारावर उभी होती म्हणून तळाशी थोडे राहिले. तिन्ही कारणे एकत्र आली की हजार-दीड हजार लिटर सहज जातात. यात कोणाचा डाव असेलच असे नाही. पण पैसे मात्र आपलेच जातात.

ज्यांच्या टाकीत खांब किंवा आडव्या भिंती आहेत, त्यांनी त्यांची जागा वजा करावी, नाहीतर हिशेब पुरवठादारावर अन्याय करेल. टाकी मोजणे शक्य नसेल तर दुसरा उपाय वजनकाट्याचा. पिरंगुटच्या औद्योगिक भागात ट्रकचे काटे आहेत. भरलेला टँकर एकदा काट्यावर घ्या, रिकामा झाल्यावर पुन्हा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दोन पावत्यांमधला फरक म्हणजे थेट लिटर. कायमचा उपाय म्हणजे टाकीत पाणी पडते त्या पाइपवर मीटर. त्यात एक काळजी: टँकर संपत आला की पाइपात हवा शिरते आणि मीटर हवेवरही फिरतो. म्हणून मीटर पाइपाच्या अशा खालच्या भागात बसवावा, जिथे पाणी नेहमी भरलेले राहील. माप जाणूनबुजून चोरले जात असेल आणि सांगूनही सुधारत नसेल, तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

माप कळले तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप आला: आपण जे मोजले, ते पाणी आहे तरी कुठले?

टँकर भरायच्या जागा आपल्या भागात ढोबळमानाने चार प्रकारच्या. महापालिकेच्या किंवा औद्योगिक महामंडळाच्या जाळ्यातले शुद्ध केलेले पाणी, खाजगी विहीर, खाजगी बोअर, आणि बंद पडलेल्या दगडखाणीत साठलेले पाणी. याशिवाय पाचवाही प्रकार आहे. महापालिका सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले पाणी बांधकामासाठी टँकरने देते. तो उपक्रम चांगला आहे, पण तेच टँकर सकाळी बांधकामावर आणि दुपारी आपल्या टाकीवर येत नाहीत ना, हे विचारायला हवे. बाहेरून सगळे टँकर सारखेच दिसतात.

आम्ही दोघे जण एका सकाळी ड्रायव्हरच्या परवानगीने त्याच्या शेजारी बसून गेलो. चार किलोमीटरवर ओढ्याच्या काठाला एक विहीर होती. पाणी वर होते, स्वच्छ दिसत होते. विहिरीपासून पंचवीस-तीस पावलांवर भाड्याच्या खोल्यांची एक रांग, तिच्यामागे शौचालयांच्या टाक्या. भरायचा पाइप चिखलात पडला होता, तोच उचलून टँकरच्या तोंडात घातला. टँकरला झाकण होते, पण ते बिजागरीवरून निघालेले.

इथे आपल्या जमिनीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. मुळशीचा कातळ बेसाल्टचा. अखंड कातळातून पाणी झिरपत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरातून आणि कातळाच्या भेगांतून वाहते. वाळूच्या थरात पाणी हळूहळू गाळले जाते. भेगेतून ते गाळले न जाता पुढे जाते. त्यामुळे उथळ विहिरीत शेजारच्या शोषखड्ड्याचे पाणी पोचायला फार वेळ लागत नाही. राम नदी भुकूम, भूगाव, बावधन करत पाषाणकडे जाते. तिच्या काठाला वस्ती किती वाढली आणि तिचे सांडपाणी कुठे जाते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशा ओढ्यानाल्यांच्या काठची विहीर उन्हाळ्यातही भरलेली असते, म्हणून टँकरवाल्याला ती सोयीची. ती भरलेली का असते, हा प्रश्न आपण विचारायचा.

पाण्याची पत तपासायची म्हटले की आपल्याकडे हमखास एक पेनासारखे यंत्र बाहेर येते. पाण्यात बुडवले की आकडा दाखवते. तो टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी टँकरच्या पाण्याचा फोटो टाकला होता: ४१०. खाली अंगठे आणि 'एकदम शुद्ध'. या गैरसमजाने मोठे नुकसान होते. हे यंत्र क्षार मोजते, जंतू मोजत नाही. गटाराचे पाणी मिसळलेल्या विहिरीचा टीडीएसही ४१० असू शकतो, आणि खोल बोअरच्या निर्धोक पाण्याचा ६००. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेण्याजोगा म्हटला आहे. जंतूंच्या बाबतीत मात्र सूट नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच सापडता कामा नये.

हे पुस्तकी वाटत असेल तर जानेवारी २०२५ आठवावा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. हातापायांतले बळ जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्या-अन्नातून जाणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. त्या तपासात महापालिकेने खाजगी टँकर भरण्याच्या जागाही तपासल्या आणि काही ठिकाणचे पाणी पिण्यायोग्य नसल्याचे आढळले. तो पट्टा आमच्यापासून डोंगरापलीकडे आहे, पण टँकरचा धंदा तोच आणि तसाच.

आम्ही त्या विहिरीचे आणि पुरवठादाराने नंतर सुचवलेल्या, नऊ किलोमीटरवरच्या एका बोअरचे, असे दोन नमुने तपासून घेतले. नमुना घेण्यातच बहुतेक चुका होतात, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणायची, मिनरल वॉटरची जुनी बाटली चालत नाही. त्या बाटलीत क्लोरीन मारणारी थोडी पूड असते, ती धुऊन टाकायची नाही. नमुना टँकरच्या तोटीतून, आपल्या टाकीत पडण्याआधी घ्यायचा. टाकीतला घेतला तर दोष टँकरचा की टाकीचा, हे कळत नाही. तोटी पुसायची, मिनिटभर पाणी वाहू द्यायचे, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही. मग बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांच्या आत पोचवायची. दुपारी गाडीच्या डिकीत विसरलेला नमुना खरे उत्तर देत नाही. रासायनिक तपासणीसाठी वेगळी, साधी स्वच्छ बाटली लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, मान्यताप्राप्त खाजगीही आहेत. सगळ्या तपासण्यांची यादी करून घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या फेरीला ई-कोलाय, गढूळपणा, टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट आणि फ्लोराइड एवढे पुरते.

अहवाल आले. ओढ्याकाठच्या विहिरीचा टीडीएस ४१०, कठीणपणा २६०, नायट्रेट ५२, ई-कोलाय आहे. दूरच्या बोअरचा टीडीएस ५२०, कठीणपणा ३४०, नायट्रेट १८, ई-कोलाय नाही. पेनाच्या यंत्राने निवड केली असती तर आम्ही पहिलेच पाणी निवडले असते.

यातल्या नायट्रेटकडे मुद्दाम बघा. मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तिथेही सूट नाही. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट येते ते मुख्यतः मैल्यातून किंवा शेतातल्या खतातून. ई-कोलाय आणि नायट्रेट दोन्ही एकत्र दिसले की शेजारच्या शौचालयाच्या टाकीकडे बोट जाते. जंतू क्लोरीनने मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी उकळले तर ते कमी न होता उलट दाट होते. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असे पाणी सगळ्यात धोक्याचे. म्हणजे ही विहीर क्लोरीन टाकूनही आमच्या कामाची नव्हती. दुसऱ्या बोअरचे पाणी कठीण आहे. गीझरवर थर बसेल, साबणाला फेस कमी येईल. तो त्रास आहे, आजार नाही. कठीणपणा ६०० पर्यंत मानक चालवून घेते.

सभेत एका सदस्याने विचारले, "घरोघरी आरओ आहे, मग एवढा खटाटोप कशाला?" त्याला आमच्या सेक्रेटरीताईंनी उत्तर दिले: "आरओ माझ्या ओट्यावर आहे. वॉचमनच्या खोलीत नाही, आणि बागेच्या नळावर तोंड लावणाऱ्या पोरांसाठीही नाही." आमच्याकडे सहा सुरक्षारक्षक, चार सफाई कामगार आणि रोज येणाऱ्या पन्नासेक घरकामाच्या बाया. हे सगळे टाकीचेच पाणी पितात. भाजी त्याच पाण्याने धुतली जाते, दात त्याच पाण्याने घासले जातात. सोसायटी पाणी घेते तेव्हा मत नसलेल्या माणसांसाठीही घेते.

आता दर. दूरच्या बोअरचे पाणी देणाऱ्याने टँकरला ११५० मागितले. दीडशे रुपये जास्त म्हटल्यावर सभेत कुजबुज झाली. आम्ही त्याच्या गाडीचे पाणी त्याच टाकीत, त्याच पट्टीने मोजले. पातळी ४१ सेंटिमीटरच्या किंचित वर गेली, म्हणजे ९,९०० लिटर. मग फळ्यावर भागाकार मांडला. जुना टँकर: १,००० रुपये भागिले ८,६४० लिटर, म्हणजे हजार लिटरला ११५ रुपये ७४ पैसे. नवा टँकर: ११५० भागिले ९,९००, म्हणजे हजार लिटरला ११६ रुपये १६ पैसे. दीडशे रुपयांनी महाग वाटणारा टँकर बेचाळीस पैशांनी महाग होता, आणि त्या बेचाळीस पैशांत मैल्याचे पाणी टळत होते. कुजबुज थांबली. टँकरचा दर विचारणे सोडून हजार लिटरचा दर विचारणे, एवढा एकच बदल केला तरी निम्मे भांडण मिटते.

पण ११६ तरी रास्त आहेत का? हे कळायला टँकरवाल्याच्या जागी बसून हिशेब करावा लागतो. आम्ही तो त्याच्यासमोरच केला. साठ मीटर खोलीवरून दहा हजार लिटर उपसायला, पंपाची गळती-घट धरूनही, साधारण चार युनिट वीज लागते. म्हणजे पाणी जमिनीतून वर काढणे हा या धंद्यातला सगळ्यात किरकोळ खर्च, पन्नास रुपयांच्या आसपास. मोठा खर्च डिझेलचा. भरलेली गाडी चढउताराच्या रस्त्यावर लिटरला चारेक किलोमीटर जाते. नऊ किलोमीटर जाऊन नऊ परत, म्हणजे साडेचार लिटर, चारशे रुपयांच्या वर. ड्रायव्हर आणि मदतनीस यांचा रोज, दिवसाच्या खेपांत वाटला तर खेपेला दोनशे. गाडीचा हप्ता, टायर, विमा, दुरुस्ती मिळून अडीचशे. बोअरच्या मालकाला शंभर. बेरीज हजाराच्या आसपास येते, वरचे दीडशे त्याचा नफा. मला हा दर रास्त वाटला.

हाच हिशेब उलटा फिरवला की भाव जास्त का आणि कमी का, दोन्ही कळते. चार किलोमीटरवरच्या विहिरीला डिझेल दोनशेच्या आत लागते, तरी तो दर हजारच होता. म्हणजे जवळच्या, घाण पाण्यावर नफा जास्त होता. आणि कोणी नऊ किलोमीटरवरून आणतो म्हणून आठशेत देऊ लागला, तर आनंद मानण्याआधी थांबावे. एवढ्यात खर्चच निघत नाही. तो एकतर कमी मापतो, नाहीतर सांगितले त्या जागेहून आणत नाही. मे महिन्यात दर वाढतो तेव्हाही हेच विचारावे: अंतर वाढले का, खेपा कमी झाल्या का? भरायला रांग लागली आणि दिवसाच्या आठ खेपांच्या पाच झाल्या, तर माणसांचा रोज आणि गाडीचा हप्ता पाचांत वाटला जातो, दर खरोखर वाढतो. ते त्याने दाखवावे, आपण मान्य करावे.

हे सगळे ठरले तसे आम्ही एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या. पाणी कुठल्या बोअरचे, ती आटली तर पर्यायी जागा कुठली. दर हजार लिटरला, माप आमच्या टाकीचे किंवा मीटरचे. जागा बदलली तर आधी कळवायचे आणि नवा अहवाल येईपर्यंत ते पाणी फक्त बागेच्या वेगळ्या टाकीत. गाडी सांडपाण्यासाठी वापरायची नाही. झाकण आणि पाइप बंद, पाइप जमिनीवर टाकायचा नाही. जंतूंची तपासणी महिन्याला, खर्च निम्मा-निम्मा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार टँकरने भूजल विकणाऱ्याला ना-हरकत प्रमाणपत्र लागते. त्याची प्रतही मागितली. आमच्या पुरवठादाराकडे ती नव्हती. त्याने अर्ज करायचे कबूल केले आहे, आणि तेही त्या पानावर तारखेसह लिहिले आहे.

क्लोरीन मात्र आम्ही त्याच्यावर सोडले नाही. चांगल्या बोअरचे पाणीही टँकरच्या पाइपात आणि आमच्या टाकीत बिघडू शकते. दहा हजार लिटरला, लिटरमागे दोन मिलिग्रॅम या मात्रेने, वीस ग्रॅम क्लोरीन लागते. ताज्या ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन साधारण तिसरा हिस्सा असते, म्हणून साठ ग्रॅम पावडर. ती बादलीभर पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी टँकर रिता होत असतानाच टाकीत ओतायचे आणि पंप अर्धा तास लावायचा नाही. नंतर शेवटच्या मजल्यावरच्या नळाला तपासायचे. किटमधले थेंब टाकून रंग जुळवला की उरलेले क्लोरीन कळते. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. काहीच उरले नाही तर एकतर पावडर जुनी आहे, पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो, किंवा पाण्यात घाण जास्त आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्च होते, म्हणून गढूळ टँकर घ्यायचाच नाही.

आणि ते पेनाचे यंत्र आता खऱ्या कामाला लागले आहे. शुद्धता सांगायला ते निकामी, पण ओळख पटवायला उत्तम. प्रत्येक जागेच्या पाण्याचा टीडीएस आठवड्या-दोन आठवड्यांत फारसा हलत नाही. आमच्या बोअरचा ५२० च्या आसपास असतो. एके दिवशी यंत्राने ३९० दाखवले तर पाणी शुद्ध झाले असे नव्हे, ते दुसरीकडचे आहे. धरणाच्या नळाचे पाणी दोनशेच्याही खाली असते, म्हणून कोणी 'महापालिकेचे पाणी' म्हणून सहाशेचे ओतत असेल तर तेही कळते. तंतोतंत तेवढाच टीडीएस असलेले दुसरे पाणी असू शकते, म्हणून हा पुरावा पक्का नाही, पण विचारायला पुरेसा आहे.

पैसे देण्याआधी आणखी एक कागद बघावा. या भागात बांधकामाची परवानगी घेताना, स्थानिक संस्था पाणी देईपर्यंत आपल्या खर्चाने पाणी पुरवू, असे हमीपत्र विकसकांकडून घेतले गेले आहे. तुमच्या इमारतीचे असेल तर ते मंजुरीच्या फायलीत असते आणि माहितीच्या अधिकारात मिळते. सोसायटी नोंदणीकृत झाली म्हणून ती हमी आपोआप संपली असे गृहीत धरू नये. टँकरच्या मापाच्या आणि बिलांच्या नोंदी ठेवल्या असतील तर त्या हमीपत्राच्या आधारे मागणी करताना उपयोगी पडतात. नोंदीच नसतील तर मागणार काय?

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. मेच्या शेवटी, जेव्हा सगळ्यांच्याच बोअर आटतात, तेव्हा घेणाऱ्याचे काही चालत नाही. टँकर परत पाठवला तर तो शेजारच्या फाटकात रिता होतो. म्हणून करार जानेवारीतच करावा, आणि एकट्याने करू नये. आम्ही शेजारच्या दोन सोसायट्यांना अहवाल आणि तो भागाकार दिला. तिघांनी मिळून एकच अट घातली की ती अट पाळली जाते. दुसरी मर्यादा आणखी खोल आहे. ज्या बोअरमधून आमच्यासाठी पाणी उपसतात, तिच्या आसपास शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत. आम्ही चांगले पाणी शोधले म्हणजे कोणाच्या तरी जमिनीखालचे चांगले पाणी शोधले. बोअरच्या मालकाला शंभर रुपये मिळतात, शेजारच्या विहिरीच्या मालकाला काही मिळत नाही. त्याची विहीर एप्रिलमध्येच खाली जाते का, हेही आम्ही या वर्षी विचारणार आहोत.

आमच्या फाटकावर आता एक वही आहे. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, टाकीची पातळी आधी आणि नंतर, टीडीएस, सही. ती आमचा रात्रपाळीचा रक्षक लिहितो. गेल्या आठवड्यात पहाटे पाचला त्याने एक टँकर थांबवून ठेवला, कारण यंत्र ४०५ दाखवत होते. मला फोन आला. "साहेब, हे आपलं पाणी नाही," तो म्हणाला. ड्रायव्हरने थोडा वेळ हुज्जत घातली आणि मग कबूल केले: बोअरवर रांग होती, म्हणून ओढ्याच्या विहिरीवरून भरून आणले. गाडी परत गेली. वहीत त्या ओळीपुढे रक्षकाने 'घेतले नाही' असे लिहून खाली सही केली आहे. टाकीचे पाणी सगळ्यात आधी तोच पितो.